चौदा पोरं, दोन मैदानं, आठ छोटे गोल

(नागपुरात पालक आणि हौशी फुटबॉल प्रशिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आठवड्यातून एकच दिवस, रविवारी सकाळी सव्वा तास मिळतो आणि समोर बारा वर्षांखालची, नुकतीच चेंडूला पाय लावू लागलेली पोरं आहेत, असं धरून चालू. सोळा येणार म्हणून तयारी केलेली असते आणि येतात चौदा. बहुतेक जण इथेच चुकतात. सात-सातच्या दोन टीम करतात आणि मधे एक चेंडू सोडतात. मग दोन दांडगी पोरं खेळतात आणि बाकीची त्यांच्या मागे पळतात.

चौदा म्हणजे एका मैदानावर चार-चार आणि दुसऱ्यावर तीन-तीन. पंधरावा उशिरा आला की तीन-तीनचं चार विरुद्ध तीन होतं, सोळावा आला की चार-चार. तेराच आली तर एका ठिकाणी तीनविरुद्ध चार, पण तिघांच्या बाजूला जरा सरस पोरं द्यायची. खेळ थांबवून पुन्हा टीम पाडायच्या नाहीत, त्यातच दहा मिनिटं जातात.

चार-चारसाठी अंदाजे 25 मीटर लांब आणि 18 मीटर रुंद जागा पुरते. तीन-तीनसाठी 20 बाय 15. टेप नसेल तर मोठी पावलं मोजा. दोन मैदानांमध्ये चार-पाच मीटर मोकळे सोडा, नाहीतर शेजारच्या चेंडूमागे धावणारं पोर इकडच्या खेळात घुसतं. मापं बरोबर आहेत का, ते खेळच सांगतो: चेंडू सारखा बाहेर जात असेल तर जागा लहान आहे, पोरं चालू लागली तर मोठी. बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचा चेंडू, आठच्या आतल्यांना तीन नंबरचा. उन्हाळ्यात मुरमाची जमीन टणक होते आणि चेंडू गुडघ्यापर्यंत उसळतो, त्यामुळे हवा थोडी कमी ठेवा, अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत जाईल इतकी.

आता मुख्य गोष्ट. नवशिक्या पोरांचा घोळका होतो, आणि आपण बाहेरून 'पांगा, पांगा' ओरडत राहतो. पोरांची चूक नाही. गोल एकच आणि मधोमध असेल तर सगळ्यांनी तिकडेच धावणं शहाणपणाचंच आहे. म्हणून दोन्ही टोकांना दोन-दोन गोल ठेवा, कोपऱ्यापासून मीटरभर आत, प्रत्येकी दोन मीटर रुंद, गोलकीपरशिवाय. वाळू भरलेल्या सोळा बाटल्यांत आठ गोल होतात. विटा मात्र नकोत, त्यावर नडगी फुटते. 18 मीटरच्या मैदानावर दोन गोलांच्या मधे बारा मीटर उरतात. हेच अंतर शिकवतं. घोळका एका गोलसमोर जमला की दुसरा उघडा पडतो. पहिली पाच मिनिटं कोणालाच ते दिसत नाही, 'पास दे ना बे' एवढंच ऐकू येतं. पाण्याच्या वेळी एकच प्रश्न विचारा: "दुसऱ्या गोलसमोर कोण होतं?" उत्तर तुम्ही देऊ नका.

यात एक पोर हमखास बिलंदर निघतं आणि गोलसमोर उभं राहून राखण करतं. त्याला रागवू नका. आपल्या टीमचं प्रत्येक पोर मधली रेघ ओलांडून पुढे आलेलं असेल तरच गोल धरायचा, असा नियम लावा. त्याला पुढे आणायचं काम मग सोबतीच करतात.

सव्वा तासाची वाटणी अशी: पहिली 15 मिनिटं, चार जण आले की लगेच दोन-दोनचा खेळ सुरू, बाकीचे येतील तसे जोडत जायचे. पुढची 25 मिनिटं मोठ्या मैदानाच्या लांबीने मधे खुणेच्या प्लास्टिक बशा मांडून दोन पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीत दोन-दोन पोरं, आणि दोन्ही टोकांना आपोआप एक-एक गोल येतो. तिघांच्या मैदानावरचे सहा तसेच चार गोलांवर खेळतात. दोन मिनिटं खेळ, एक मिनिट विश्रांती, आणि दर दोन फेऱ्यांनी काही पोरांची मैदानं बदला. जोडीत लपायला जागा नसते, चेंडू घेऊन वळावंच लागतं. मग पाच मिनिटं पाणी, 25 मिनिटं पुन्हा चार गोलांचा खेळ, आणि शेवटची पाच आवरायला. रांगेत उभं राहून एकेक किक मारणं यात कुठेच नाही.

एका बाजूला तीन गोलांची आघाडी झाली की दोन पोरांची अदलाबदल करा. चेंडू बाहेर गेला तर थ्रो नको, पायाने आत घेऊन यायचा. दोन-तीन चेंडू आपल्यापाशी ठेवा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सकाळी आठलाच ऊन डोक्यावर येतं. त्या दिवसांत सहाला सुरू करा आणि जोडीची फेरी दीड मिनिटाची करा. पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटते, चेंडू जागीच थांबतो. तेव्हा मैदान तीन-तीन पावलांनी आखूड करा.

घरी जाताना वहीत दोनच नोंदी: किती पोरं आली, आणि पाण्यानंतर उघड्या गोलकडे चेंडू किती वेळा वळला. पुढच्या रविवारी हा आकडा पुन्हा शून्याजवळ गेला, तर नवीन काही आणू नका, चार गोलांचाच खेळ ठेवा.