सिंक दोनदा गपचूप फसलं. आता मॉनिटरिंगसाठी बजेट नोट कशी लिहायची?

[कॅमेऱ्याकडे बघून]

सिंक फसलं आणि कुणालाच कळलं नाही. मग काही आठवड्यांनी दुसरं सिंक फसलं, तेही असंच. आता वरून निरोप आलाय: काय हवं ते एका पानावर लिहून द्या. बहुतेक जण इथे लिहितात, 'आम्हाला मॉनिटरिंग टूल हवं.' ही नोट परत येते, आणि परत यायलाच हवी. कारण त्या दोन घटनांतली एक तरी त्या टूलनं पकडली असती का, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

आज एकच उदाहरण घेऊ आणि त्यातून नोट उभी करू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

पहिली घटना. खातेवहीच्या फायली रोज रात्री दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी होतात. एके रात्री पलीकडची डिस्क भरली. `rsync` नं एरर दिली, एक्झिट कोड 11. पण स्क्रिप्टमध्ये त्याचं आउटपुट पाइपनं `tee` कडे जात होतं, लॉगमध्ये लिहायला. बॅशमध्ये पाइपचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. `tee` नं आपलं काम चोख केलं, म्हणून निकाल शून्य, म्हणजे यशस्वी. नऊ रात्री हेच चाललं. कुणाला तरी एक जुनी फाइल लागली म्हणून उघडकीला आलं.

दुसरी घटना. दर तासाला विक्रीच्या सिस्टिममधून ऑर्डरी हिशोबाच्या सिस्टिममध्ये जातात. सिंक फक्त `CONFIRMED` स्टेटसच्या ऑर्डरी उचलत होतं. विक्रीवाल्यांनी आगाऊ पैसे भरलेल्या ऑर्डरींसाठी नवीन स्टेटस आणलं, `CONFIRMED_PREPAID`. सिंकला ते माहीतच नाही. जॉब वेळेवर सुरू होतोय, वेळेवर संपतोय, एरर नाही, ऑर्डरीही जातायत. फक्त शंभरातल्या तीस मागे राहतायत. सहा दिवसांत 3,800 पैकी 1,140 ऑर्डरी राहिल्या.

[स्क्रीनवर: दोन्ही घटना शेजारी शेजारी]

आता नोट लिहिण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. सीपीयू, मेमरी, सर्व्हर चालू आहे की बंद, हे दाखवणारा छान रंगीत डॅशबोर्ड असता, तर या दोन घटनांत तो काय दाखवत असता? हिरवं. दोन्ही वेळा, सगळे दिवस. पलीकडच्या डिस्कवर अलर्ट असता तर पहिली घटना कदाचित सापडली असती, पण दुसरीत तर सगळ्या मशीन ठणठणीत होत्या.

म्हणजे विकत घ्यायची गोष्ट 'मॉनिटरिंग' नाही, दोन नेमक्या तपासण्या आहेत. त्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, म्हणून नोटमध्ये दोन्ही वेगळ्या मांडा.

पहिली तपासणी, हार्टबीट. यात उलटा विचार असतो. बिघाड झाला की जॉबनं ओरडावं अशी अपेक्षा नाही. काम नीट झालं की जॉबनं बाहेरच्या एका सेवेला हाक मारायची, आणि ठरलेल्या वेळेत हाक आली नाही तर सेवेनं ओरडायचं. रात्रीच्या जॉबला 24 तासांचा फेरा आणि वर दोन तासांची सवलत दिली, तर शेवटच्या हाकेपासून 26 तासांत कळतं. ही सेवा त्याच सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर बंद पडला तर जॉबही गेला आणि त्याच्यावर नजर ठेवणाराही गेला.

पण इथे एक गंमत आहे. नुसतं हार्टबीट लावलं असतं, तरी पहिली घटना सापडली नसती! `tee` नं शून्य दिलंय, म्हणजे हाक रोज गेली असती. म्हणून आधी स्क्रिप्ट दुरुस्त करा:

[स्क्रीनवर कोड]

```
#!/bin/bash
set -o pipefail
rsync -a /data/ledger/ backup:/ledger/ 2>&1 \
  | tee -a /var/log/ledger-sync.log \
  && curl -fsS -m 10 --retry 5 -o /dev/null https://hc-ping.com/<uuid>
```

`pipefail` मुळे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर पूर्ण ओळ फसते आणि सेवेला हाक मारणारं `curl` चालतच नाही. हे सगळं क्रॉनटॅबच्या ओळीत कोंबू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. क्रॉन मुळात `/bin/sh` वापरतो आणि तिथे `pipefail` असेलच याची खात्री नाही.

ही दुरुस्ती तासाभराची आहे आणि फुकट आहे. नोट पाठवण्याआधी करून टाका आणि नोटमध्ये तसं लिहा. 'यातलं बिनपैशाचं काम आम्ही उरकलंय' या वाक्यानंतर पुढची मागणी वेगळ्या नजरेनं वाचली जाते.

दुसरी तपासणी, ताळमेळ. दोन्हीकडच्या ऑर्डरी मोजायच्या आणि आकडे जुळवायचे. ऐकायला सोपं आहे, फसायला त्याहून सोपं. दोन जागी लोक हमखास चुकतात.

एक म्हणजे फिल्टर. सिंकमधली `WHERE` अट जशीच्या तशी तपासणीत चिकटवली, तर तपासणीही तेवढीच आंधळी होते. तिलाही `CONFIRMED` च दिसतात, दोन्हीकडचे आकडे जुळतात आणि 1,140 ऑर्डरी दोघांच्याही नजरेआड राहतात. म्हणून तपासणी उलट्या बाजूनं लिहायची. काय धरायचं ते सांगायचं नाही, काय सोडायचं ते सांगायचं:

```
SELECT count(*), sum(amount)
FROM orders
WHERE created_at >= :from AND created_at < :to
  AND status NOT IN ('DRAFT', 'CANCELLED', 'TEST');
```

आता उद्या कुणी नवीन स्टेटस आणलं तर ते आपोआप मोजलं जाईल, पलीकडे सापडणार नाही आणि फरक दिसेल. बेरीज बरोबर घेतलीय, कारण कधी ओळी सगळ्या पोचतात पण रक्कम अर्धवट जाते. आणि `status` कॉलम रिकामा राहू शकत असेल तर सांभाळा. `NOT IN` मध्ये `NULL` असलेली ओळ मोजलीच जात नाही.

दुसरी चूक वेळेची. आत्ता या क्षणी दोन्हीकडे मोजलं तर फरक असणारच, काही ऑर्डरी वाटेत असतात. रोज खोटे अलर्ट येतात आणि आठवड्याभरात लोक ते बघणं सोडतात. म्हणून निवळलेला काळ मोजा. बारा वाजता तपासायचं असेल तर दहा ते अकराच्या ऑर्डरी मोजा. लागोपाठ दोन तपासण्यांत फरक दिसला तरच अलर्ट पाठवा. या हिशोबानं बिघाड साधारण तीन तासांत हाती लागतो.

[कॅमेऱ्याकडे]

आता पैसे. मॅनेजमेंटला 1,140 हा आकडा सांगून फार काही होत नाही. त्याचे तास करा. प्रत्येक राहिलेली ऑर्डर शोधून, पडताळून, हातानं चढवायला चार मिनिटं धरू. 1,140 गुणिले चार म्हणजे 76 तास. आणि मूळ बिघाड दुरुस्त करायला किती लागला? अटीत एक स्टेटस वाढवायचं होतं, तपासून-बिपासून एक तास. म्हणजे खर्च बिघाडाचा नव्हताच, तो उशिरा कळण्याचा होता. तीन तासांत कळलं असतं तर, ताशी सरासरी आठ ऑर्डरी धरून, 24 ऑर्डरी राहिल्या असत्या. दीड-एक तासाचं काम.

पहिल्या घटनेत मात्र हात आखडता ठेवा. तिथे माहिती गेलेली नाही. 'नऊ दिवस ताजी प्रत नव्हती, त्या काळात मूळ डिस्क गेली असती तर नऊ दिवसांच्या नोंदी परत मिळाल्या नसत्या' एवढंच खरं आहे, एवढंच लिहा. 'मोठं नुकसान टळलं' असलं काही लिहिलंत की वाचणारा 76 तासांवरही शंका घेतो.

खर्चाची बाजूही तासांतच मांडा. दोन्ही तपासण्या उभ्या करायला, समजा, 40 तास. नंतर महिन्याला चार तास: मर्यादा बदलणं, नवीन जॉब जोडणं, खोटे अलर्ट निस्तरणं. वर्षाचे 48. म्हणजे पहिल्या वर्षी 88 तास, वर सेवेची वर्गणी.

आणि इथे बरेच जण अडखळतात. 88 खर्चून 76 वाचवायचे? हा प्रश्न बैठकीत येणारच, मग तो नोटमध्ये तुम्हीच मांडा. उत्तर असं: दुसऱ्या घटनेत रोज 190 ऑर्डरी राहत होत्या, म्हणजे रोजचे साडेबारा तासांहून थोडं जास्त काम साचत होतं. सहाव्या दिवशी सापडलं हा योगायोग. सातव्या दिवसअखेर ते काम 88 तासांच्या वर जातं, बाराव्या दिवशी 152 होतं. मागताय ते या वाढीला तीन तासांवर अडवण्यासाठी.

वर्गणीबद्दल थोडं. प्रोमिथियससारखं मॉनिटरिंगचं मुक्त सॉफ्टवेअर घेतलंत तर लायसन्स फुकट असतं, पण मशीन लागते आणि सांभाळणारा माणूस लागतो. त्याचे तास वरच्या आकड्यात धरलेले नाहीत, ते वाढवा. विकतच्या सेवा बहुधा मशीनच्या संख्येवर, मेट्रिकच्या संख्येवर किंवा लॉग किती गीगाबाइट पाठवता त्यावर बिल लावतात. लॉगवाला प्रकार जपून घ्या. कुणीतरी डीबग लॉग चालू ठेवून घरी गेला की महिन्याचं बिल फुगतं. आपल्याला लॉग पाठवायचेच नाहीत. किती तपासण्या लागणार तो आकडा लिहा आणि महिन्याची कमाल मर्यादाही लिहा.

[स्क्रीनवर: नोटचा पहिला परिच्छेद]

"दोन सिंक बिघाड अनुक्रमे नऊ आणि सहा दिवस लक्षात आले नाहीत. दुसऱ्यात 1,140 ऑर्डरी हाताने चढवण्यास 76 तास लागले. मूळ दुरुस्ती एका तासाची होती. असे बिघाड रात्रीच्या जॉबसाठी 26 तासांत आणि ऑर्डरींसाठी तीन तासांत कळावेत, यासाठी दोन तपासण्यांची मंजुरी हवी आहे. स्क्रिप्टमधील दुरुस्ती विनाखर्च पूर्ण झाली आहे."

याच्याखाली खर्चाचा तक्ता आणि अलर्ट कुणाला जाणार त्याचं नाव. 'टीमला' असं लिहू नका. टीमला गेलेला अलर्ट कुणालाच गेलेला नसतो. एक जण आणि तो रजेवर असेल तेव्हाचा दुसरा.

मग मर्यादा. पत्ता चुकीच्या कॉलममध्ये गेला तर संख्याही जुळेल, रक्कमही जुळेल, आणि या तपासण्या गप्प बसतील. हे आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे तसं कधी झालं तर 'मग पैसे कशाला दिले' हा प्रश्न येणार नाही.

मागणी तीन महिन्यांच्या चाचणीची करा आणि तिची परीक्षाही तुम्हीच ठरवून द्या. महिन्यातून एकदा, आधी न सांगता, रात्रीचा जॉब बंद ठेवायचा. चाचणीच्या सिस्टिममध्ये एक अनोळखी स्टेटस घालून ऑर्डरी टाकायच्या. अलर्ट किती वेळानं आला आणि ज्याचं नाव लिहिलंय त्यानं तो किती वेळानं उघडला, हे दोन आकडे लिहून ठेवायचे. मुदतवाढीच्या नोटमध्ये तेच पहिल्या ओळीत जातील.