रक्ताची उलटी वाट

हात टेकून पडलेला एक तरुण. मनगट दुखतंय, सूज बेताचीच, एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही. पण अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथे डॉक्टरांनी बोट दाबलं आणि तो कळवळला. त्या खळग्याच्या तळाशी असतं स्कॅफॉइड, काजूएवढं हाड. इथलं दुखणं ‘मुरगळलं असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

या हाडावर जवळजवळ सगळीकडे गुळगुळीत कूर्चा असते आणि कूर्चेतून रक्तवाहिन्या आत शिरू शकत नाहीत. रेडियल धमनीच्या फांद्या मुख्यतः हाताच्या पाठीकडच्या अरुंद कंगोऱ्यातून आत जातात आणि मग हाडातूनच मागे, कोपराच्या दिशेला वळतात. सुमारे 70 ते 80 टक्के हाड याच रक्तावर जगतं. कोपराकडच्या टोकाला दुसरी वाट जवळपास नाहीच. हाड मध्ये मोडलं की ते टोक उपाशी पडतं. फ्रॅक्चर त्या टोकाच्या जितकं जवळ, तितका धोका जास्त.

पेशी मरतात, पण कॅल्शियमचा सांगाडा तसाच उभा राहतो, म्हणून एक्स-रे सुरुवातीला फसवतो. काही आठवड्यांनी प्लास्टरमधली जिवंत हाडं वापराविना विरळ होतात. कॅल्शियम वाहून न्यायला रक्त लागतं आणि मेलेल्या तुकड्यात ते नसतं. म्हणून तो शेजाऱ्यांपेक्षा पांढरा दिसतो. पुढे तो खचू शकतो आणि मनगट झिजतं. म्हणूनच नुसता संशय असला तरी मनगट स्थिर करतात आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. एमआरआय मिळाला तर उत्तर लवकर मिळतं.

मांडीच्या हाडाच्या मानेची गोष्ट याहून गंभीर. खुब्यातल्या गोल डोक्याकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या सांध्याच्या आवरणाच्या आत, मानेला चिकटून वर चढतात. मोडलेली मान सरकली की त्या ताणल्या जातात, तुटतात. तरुण रुग्णात हाड तातडीने जागेवर बसवून स्क्रू घालतात. वयस्कर रुग्णात सरकलेल्या फ्रॅक्चरसाठी बहुधा डोकंच बदलतात. हाड नीट जुळलं तरी डोकं पुढे महिन्यांनी, कधी वर्षांनी खचू शकतं, हे रुग्णाला आधीच सांगायला हवं.

घोट्यातल्या टॅलस या हाडाला एकही स्नायू जोडलेला नसतो आणि त्याचाही बराचसा भाग कूर्चेखाली असतो. टॅलसच्या मानेतून शिरलेलं रक्त इथेही मागे जातं. मात्र इथे एक्स-रे चांगली बातमीही देतो. सहा ते आठ आठवड्यांनी टॅलसच्या घुमटाखाली बारीक काळसर रेघ दिसली, तर हाड विरळ होतंय, म्हणजे तिथे रक्त पोचतंय. 1970 मध्ये हॉकिन्स यांनी हे चिन्ह वर्णन केलं. रेघ नसली म्हणजे हाड मेलंच, असं मात्र नाही. तेव्हा एमआरआय करून पाहतात.