छत्तीस गुण आणि विहीणबाईंची सन साइन

नमस्कार मंडळी. दोन घरांच्या दोन ज्योतिषपद्धती असल्या की काय होतं, ते एका उदाहरणातून सांगतो.

मुलगी पुण्याची, जन्म १० नोव्हेंबरचा, ऐन दिवाळीतला. चंद्र वृश्चिकेत, नक्षत्र अनुराधा. मुलगा शिकागोचा, १० एप्रिलचा. त्याची आई म्हणते, हा एरीज, ती स्कॉर्पिओ, आग आणि पाणी, कसं जमायचं? मुलीचे बाबा म्हणतात, मुलाची रास वृषभ आहे, मेष कुठून आली?

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. विहीणबाई सूर्याची रास बघतात, तीही सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली. बाबा चंद्राची निरयन रास बघतात, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधाराने मोजलेली. दोन्ही मोजण्यांत सध्या सुमारे २४ अंशांचा फरक आहे, म्हणून निरयन पद्धतीत मुलाचा सूर्य अजून मीनेतच आहे. मुलीची गंमत अशी, की ती दोन्हीकडे वृश्चिकच. पण तिकडे सूर्यामुळे, इकडे चंद्रामुळे. आपल्या पद्धतीत तिचा सूर्य तुळेत आहे. इथेच घरच्यांना वाटतं, की दोन्ही पद्धती एकच सांगतात. तसं नाही.

छत्तीस गुणांत सूर्य कुठेच येत नाही. सगळे चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून मिळतात. म्हणून 'गुण चोवीस, पण एरीज-स्कॉर्पिओ, तेव्हा चार वजा' असली बेरीज-वजाबाकी मला मान्य नाही. दोन कागद वेगळे ठेवा.

खरी भानगड पुढेच झाली. पत्रिकेत मुलाचं नक्षत्र मृग आलं. मृग आणि अनुराधा, दोघांची मध्य नाडी. दोघांची नाडी एकच, म्हणजे एकनाडी, म्हणून नाडीच्या आठ गुणांपैकी शून्य! घरात रडारड. मुलाचा चंद्र रोहिणी-मृगाच्या अगदी सीमेवर होता, म्हणून जन्मवेळ तपासली. शिकागोत एप्रिलमध्ये घड्याळ एक तास पुढे असतं, आणि करणाऱ्याने तो तास वजाच केला नव्हता. तासाभरात चंद्र अर्धा अंश सरकतो. वेळ दुरुस्त केल्यावर चंद्र रोहिणीत आला, नाडी अंत्य झाली आणि आठ गुण परत मिळाले. वृषभ-वृश्चिक हे समसप्तक, म्हणजे एकमेकींपासून सातव्या राशी, त्यामुळे भकूटाचे, म्हणजे दोन चंद्रराशींच्या अंतराचे, सातही गुण जागेवर.

चंद्र रोहिणीच्या मध्यावर असता, तर या एका तासाने गुणांत काहीच फरक पडला नसता. म्हणून आधी चंद्राचे अंश विचारा, गुण नंतर.

विहीणबाईंना मात्र वेळ लागतच नाही, तारीख पुरते. त्यांना पूर्ण कुंडली जुळवून हवी असेल, तर तिकडचा ज्योतिषीही जन्मवेळ मागतो. ती आईच्या आठवणीवर सोडू नका. अमेरिकेतल्या छोट्या जन्मदाखल्यावर बहुधा वेळ नसते. सविस्तर प्रत मागवा, आणि पत्रिका करणाऱ्याला घड्याळाची वेळ जशीच्या तशी द्या. तास तुम्ही वजा केला आणि त्यानेही केला, तर पुन्हा तोच घोळ.