पांढऱ्या शर्टाची पिवळी कॉलर

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय पांढऱ्या सुती शर्टाबद्दल, आणि त्यातही कॉलरच्या आतल्या पट्ट्याबद्दल. शर्ट एरवी बरा दिसतो, पण कॉलर उलटून बघा, मानेला घासणारी जागा पिवळट झालेली असते. काखेतही तेच. मग दुकानातून बाटली आणली जाते. तिथे क्लोरीनचं ब्लीच, ऑक्सिजनचं ब्लीच आणि नीळ एकाच फळीवर मांडलेली असतात आणि तिन्हींवर शुभ्रतेचं आश्वासन छापलेलं असतं. म्हणून बरेच जण हाताला लागेल ते उचलतात. कामं मात्र तिघांची वेगवेगळी आहेत.

आधी हा पिवळेपणा येतो कुठून ते बघू. अंगातून घामाबरोबर थोडं तेलही निघतं. ताजं असताना ते दिसत नाही. गार पाण्यात साबणाने धुतलं तरी त्यातलं थोडं धाग्यात राहून जातं आणि हवा लागून पुढे पिवळं पडतं. वर इस्त्री फिरली की आणखी घट्ट बसतं. म्हणजे हा डाग मुळात तेलकट आहे.

आता यावर क्लोरीनचं ब्लीच ओतलं तर? बाटलीत असतं सोडियम हायपोक्लोराइट, साधारण ४ ते ५ टक्के. ते रंगावर तुटून पडतं, पण तेल काढणं हे त्याचं काम नव्हे. शिवाय घामात प्रथिनं असतात, त्यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की पिवळटच पदार्थ तयार होतात. त्यामुळे कॉलर पांढरी व्हायच्या ऐवजी जास्त पिवळी दिसू शकते. मग माणूस वैतागून दुप्पट ब्लीच घालतो, रात्रभर भिजत ठेवतो, आणि खरं नुकसान तिथे होतं. जास्त झालेलं क्लोरीन सुताचा धागाच खातं. धुतल्या धुतल्या ते कळत नाही. गरम इस्त्री फिरवली की सबंध शर्टावर फिकट पिवळी छटा येते, आणि पुढे कॉलरच्या घडीवर कापड विरतं, जरा ओढलं की टरकतं. लोक कापडाला नावं ठेवतात!

आणखी एक गोष्ट. आजकालच्या बहुतेक कपडे धुण्याच्या पावडरींत एक चमक आणणारं द्रव्य असतं. एकेकाळी आपल्याकडे टिनोपॉल वेगळं आणून घालायचे, त्याच जातीचं. ते उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेतं आणि निळसर उजेड परत देतं. क्लोरीन हे द्रव्यही मोडून टाकतं. म्हणून ब्लीच केलेला शर्ट कधी कधी स्वच्छ असूनही मेलेला दिसतो. आणि हो, शर्ट किती पांढरा झाला ते एलईडीच्या दिव्याखाली ठरवू नका. त्या दिव्यात अतिनील किरण जवळपास नसतात. दारात, दिवसाच्या उजेडात बघा.

कॉलरसाठी खरं उपयोगी ते ऑक्सिजनचं ब्लीच. डब्यावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं आहे ना, एवढं वाचून घ्या. ही पांढरी दाणेदार पूड पाण्यात पडली की हायड्रोजन परॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असे दोन पदार्थ तयार होतात. सोडा तेल सोडवतो, परॉक्साइड पिवळा रंग घालवतं. मात्र गार पाण्यात हे काम फारच सावकाश चालतं. "काही उपयोग झाला नाही" म्हणणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारते, पाणी गरम होतं का?

एक शर्ट धुऊन बघू. कोरड्या कॉलरवर भांडी घासायचं लिक्विड चार-पाच थेंब टाका, मऊ ब्रशने चोळा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर गरम पाणी घ्या. किती गरम? हात घातला तर चटकन काढून घ्यावासा वाटेल इतकं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको, सोड्याने ते काळं पडतं. पाण्यात दोन मोठे चमचे परकार्बोनेट घालून दाणे पूर्ण विरघळवा, आणि मगच शर्ट बुडवा. न विरघळलेले दाणे कापडावर एकाच जागी बसायला नकोत. बारीक बुडबुडे दिसू लागले म्हणजे काम सुरू झालं. दोन ते चार तास ठेवा, बादलीवर घट्ट झाकण लावू नका. नंतर नेहमीसारखा धुवा. उरलेलं पाणी बाटलीत भरून ठेवायचा मोह टाळा. एक तर त्यातला वायू साठून बाटली फुगते, आणि दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात दमही उरत नाही.

तरीही शर्ट तांबूस दिसत असेल तर पाण्याकडे बघा. बोअरवेलच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लोह असतं. पांढऱ्या बादलीत रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला तर ओळखा. अशा पाण्यात क्लोरीन घातलं की विरघळलेल्या लोहाचा गंज होतो आणि तो सगळ्या शर्टावर बसतो. गंजाच्या डागाला लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवायची आपली जुनी रीत योग्यच आहे. फक्त त्या कापडात क्लोरीनचा अंशही शिल्लक नको. लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड क्लोरीनच्या ब्लीचमध्ये पडलं की विषारी वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तर हे जिवावर बेतू शकतं.

क्लोरीनची बाटली म्हणजे निव्वळ टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट कपाटातल्या शर्टावर बुरशीचे काळे ठिपके पडतात, तिथे तीच कामाला येते. १० लिटर गार पाण्यात ५० मिलिलिटर ब्लीच आधी मिसळा, धुतलेला शर्ट त्यात दहा मिनिटं ठेवा आणि तीन-चार पाण्यांतून खळबळून काढा. शर्ट शंभर टक्के सुतीच हवा. सुरकुत्या न पडणारा, म्हणजे रसायनाचा लेप दिलेला असेल, तर त्या लेपात क्लोरीन अडकून राहतं आणि इस्त्रीखाली शर्ट पिवळा पडतो. दोन्ही ब्लीच एकाच बादलीत घालू नका, एकमेकांचं बळ संपवतात.

राहिली नीळ. नीळ काहीच स्वच्छ करत नाही. पिवळ्यावर निळसर छटा चढवली की डोळ्याला ते पांढरं भासतं, एवढाच तिचा खेळ. म्हणून मळक्या कॉलरवर नीळ दिली की राखाडी दिसते. ती शेवटच्या, स्वच्छ पाण्यात द्यायची. पाणी ओंजळीत घेतल्यावर जेमतेम निळसर दिसावं. पुडीतली नीळ खरं तर विरघळत नाही, तिचे कण तळाशी बसतात, म्हणून फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात हलवायची आणि शर्ट टाकायच्या आधी पाणी पुन्हा ढवळायचं. शर्ट पिळलेला नको, झटकून उलगडलेला हवा. नाहीतर वळ्यांवर निळे पट्टे उमटतात. बाटलीतल्या पातळ निळीचे थेंब थेट कापडावर कधीच टाकू नयेत. दर धुण्याला नीळ द्यायचीही गरज नसते. शर्ट उजेडात पिवळसर वाटला तरच द्या, आणि वाळत मात्र तो उलटा करून घाला.