नाव वाचा, मग गुण समजतील

पाहा, ही मुलगी स्केटबोर्डवर डावा पाय पुढे ठेवून येते आहे. मागच्या पायाने तिने बोर्डाची शेपटी जमिनीवर आपटली, पुढचा पाय घासत वर नेला, बोर्ड उचलला गेला, हवेत वळला आणि ती उलट्या दिशेने तोंड करून उतरली. निवेदक माइकवर म्हणाला, "फ्रंटसाइड वन-एटी." शेजारी बसलेल्या आईवडिलांना एवढंच कळलं, की मुलगी पडली नाही.

स्केटबोर्डिंगमधली नावं पत्त्यासारखी असतात. एकेक तुकडा सुटा केला की घर सापडतं. फ्रंटसाइड म्हणजे कुठल्या बाजूने वळली: वळताना आधी छाती पुढच्या दिशेला आली. पाठ आधी आली असती, तर ते बॅकसाइड झालं असतं. वन-एटी म्हणजे किती वळली: 180 अंश, अर्धा फेरा. आणि न उच्चारलेला तिसरा तुकडा म्हणजे ऑली, हात न लावता बोर्डासकट मारलेली उडी. हे नाव अ‍ॅलन गेलफँड या अमेरिकन स्केटरच्या टोपणनावावरून आलं. रस्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या ट्रिक्सचा पाया हाच, म्हणून तुमच्या मुलाचे पहिले कित्येक आठवडे फक्त ऑलीत गेले तर काळजी करू नका.

नावाच्या सुरुवातीला कधी आणखी एक शब्द लागतो. शेपटीऐवजी पुढचं टोक आपटलं तर नॉली. नेहमीचा पाय पुढे न ठेवता उलट्या पायांनी केली तर स्विच. दिसायला ट्रिक तीच, पण डाव्या हाताने सही करण्याइतकी अवघड. तो एक शब्द निसटला, तर गुण का वाढले हे बाहेरून कळतच नाही.

आता ती उडी पुन्हा, संथ गतीने. चाकांकडे बघा. बोर्ड हवेत पूर्ण वळला का? नाही. पाऊण काम हवेत झालं, उरलेला वळसा तिने उतरल्यावर पुढच्या चाकांवर घसरत पूर्ण केला. ट्रिक पूर्ण झाली, नावही तेच राहिलं, पण परीक्षकांच्या नजरेत ती कच्ची. पाय चाकांच्या स्क्रूंच्या वर नेमके पडले का, हात जमिनीला टेकला का, उतरल्यावर वेग टिकला का, हेही ते पाहतात. पुढच्या वेळी तुम्हीही पाहा.

कुठल्या ट्रिकला किती गुण, असा ठरलेला तक्ता नसतो. परीक्षक अख्खी फेरी पाहून एकच आकडा देतात. ट्रिक्स किती अवघड होत्या, किती वेगवेगळ्या होत्या, किती सफाईने झाल्या, मैदानातले कठडे, पायऱ्या, उतार किती वापरले, हे सगळं त्यात येतं. म्हणून एकाच कठड्यावर तीच ट्रिक तीनदा करणाऱ्या मुलाला, चार वेगळ्या गोष्टी करून एकदा पडलेल्या मुलीपेक्षा कमी गुण मिळू शकतात. आईवडिलांना हा अन्याय वाटतो. पण तिसऱ्यांदा केलेल्या ट्रिकने परीक्षकाला नवीन काहीच सांगितलेलं नसतं.

समजा पाच परीक्षक आहेत आणि त्यांनी 62, 65, 66, 68 आणि 78 असे गुण दिले. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा काढायचा अशी पद्धत असेल, तर 78 आणि 62 गेले. उरलेल्या तिघांची सरासरी 66.33. कुणा एकाला फेरी फारच आवडली किंवा नावडली, तरी निकाल फारसा हलत नाही.

पडण्याचा हिशेबही प्रकारानुसार बदलतो. स्ट्रीटच्या, म्हणजे रस्त्यासारख्या कठड्या-पायऱ्यांच्या मैदानातल्या फेरीत पडलात तरी उठून उरलेला वेळ वापरता येतो. पार्कमध्ये, म्हणजे मोठ्या वाडग्यासारख्या खोलगट मैदानात, ऑलिंपिकच्या नियमांनुसार पडलं की ती फेरी तिथेच संपते. तिथे मुलगा अवघड ट्रिक फेरीच्या शेवटी ठेवतो, तेव्हा तो घाबरलेला नसतो, हिशेब करत असतो.

2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्ट्रीट प्रकारात 45 सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि एकेक करून मारायच्या, वेगळे गुण मिळणाऱ्या पाच सुट्या ट्रिक्स होत्या. त्यांतली एक चांगली फेरी आणि दोन उत्तम ट्रिक्स मोजल्या गेल्या. सुट्या ट्रिकमध्ये पडलं की त्या प्रयत्नाला शून्य. जपानचा युतो होरिगोमे आधीच्या काही प्रयत्नांत पडला होता. शेवटच्या ट्रिकला त्याला 97.08 गुण मिळाले, एकूण 281.14 झाले. दुसऱ्या आलेल्या जॅगर ईटनचे 281.04. दोघांत अंतर 0.10 गुणाचं.

आपली मुलगी पुन्हा रांगेत उभी आहे. तीच फ्रंटसाइड वन-एटी. या वेळी चाकं जमिनीला टेकण्याआधीच बोर्ड पूर्ण फिरलेला आहे.