इअरबड्सचा माइक आणि पलीकडच्याचा कान

“माझाच आवाज मला परत ऐकू येतोय,” असं पलीकडचा माणूस म्हणाला की आपण त्याच्या फोनवर संशय घेतो. बहुतेक वेळा दोष आपल्या बाजूला असतो. त्याचा आवाज आपल्या इअरबडच्या स्पीकरमधून निघतो, त्याच बडच्या माइकमध्ये शिरतो आणि त्याच्याकडे परत जातो. हा आवाज दहावीस मिलिसेकंदांत परतला असता तर तो त्याच्या स्वतःच्या बोलण्यात विरून गेला असता. पण ब्लूटूथ आणि नेटवर्क मिळून शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज घेतात, म्हणून तो सुटा ऐकू येतो.

हे रोखण्यासाठी प्रोसेसर स्पीकरला दिलेला आवाज लक्षात ठेवतो, तो माइकपर्यंत कसा पोहोचतो याचा अंदाज बांधतो आणि तेवढा वजा करतो. बड कानात सैल बसला तर जास्त आवाज बाहेर गळतो. तो हलला तर आधीचा अंदाज चुकतो. व्हॉल्यूम शेवटच्या टोकाला नेला तर इवलासा स्पीकर आवाज विकृत करतो आणि वजाबाकी नीट जुळत नाही. उरलेला एको दाबायला प्रोसेसर मग माइकच खाली ओढतो. दोघं एकाच वेळी बोलू लागले की आपले शब्द तुटतात किंवा दबतात, ते यामुळे. एको आणि दबका आवाज या दोन तक्रारींचं मूळ असं अनेकदा एकच असतं. पहिला उपाय साधा आहे: घट्ट बसेल अशा मापाची रबरी टोपी लावा आणि व्हॉल्यूम दोनतीन पायऱ्या खाली आणा.

आता माइकच्या जागेकडे येऊ. दांडीवाल्या हेडसेटचा माइक ओठांपासून साधारण ३ सेंटिमीटरवर असतो, इअरबडचा १२ सेंटिमीटरवर. अंतर चौपट झालं की तुमच्या आवाजाचा दाब चौथाई उरतो, म्हणजे १२ डेसिबलची घट. आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. ही तूट भरून काढायला बडमध्ये दोन माइक ठेवतात. ते २० मिलिमीटर अंतरावर आणि तोंडाच्या रेषेत असतील, तर तोंडाचा आवाज दुसऱ्या माइकला सुमारे ५८ मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो. या फरकावरून प्रोसेसर तोंडाची दिशा ओळखतो आणि बाकीच्या दिशा दाबतो. बड कानात फिरला आणि खालची दांडी हनुवटीऐवजी मागे मानेकडे वळली, की तुमचंच बोलणं चुकीच्या दिशेचं ठरतं आणि दाबलं जातं.

वाऱ्यात खरी परीक्षा होते. वारा माइकच्या छिद्राच्या कडेवर आदळून तिथेच भोवरे तयार करतो. हे दाबाचे धक्के दूरवरून आलेला आवाज नसतात, ते छिद्रापाशीच जन्मतात. म्हणून दोन माइकांना ते वेगवेगळे जाणवतात आणि दिशेचं गणित कोलमडतं. उलट, दोन माइकांच्या फरकावर चालणारी पद्धत खालच्या पट्टीतली ही घरघर आणखी वाढवते. यावर चांगली रचना म्हणजे छिद्र थोडं आत घेऊन त्यावर रुंद, बारीक जाळी बसवणं; वारा जाळीवरच मंदावतो. धक्का फार मोठा असेल तर माइक भरून जातो आणि मग सॉफ्टवेअरला काही परत मिळवता येत नाही.

म्हणून दोन माइकांचे संकेत जुळेनासे झाले की काही बड कानाच्या आतल्या माइकवर भर देतात. तिथे वारा पोहोचत नाही, पण शरीरातून येणाऱ्या आवाजात वरची पट्टी जवळपास नसते. ‘स’, ‘श’, ‘फ’ बोथट होतात आणि पलीकडच्याला उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं वाटतं.

समजा, घरात आवाज स्वच्छ जातो, पण ताशी १५ किलोमीटरने सायकल चालवताना दबका जातो. वारा नसला तरी कानावरून सेकंदाला ४ मीटर हवा वाहते. पंख्यासमोर उभं राहून दुसऱ्या फोनला कॉल करा आणि पलीकडे रेकॉर्ड करायला सांगा. आपल्याच फोनच्या रेकॉर्डरवर विसंबू नका. तो अनेकदा फोनचा माइक वापरतो. “सशाने शेंगा फोडल्या” हे वाक्य आधी पंखा बंद ठेवून म्हणा, मग चालू करून, मग मान पाव वळण फिरवून. पंखा बंद असतानाही ‘स’ बोथट येत असेल तर वाऱ्याचा संबंध नाही; जाळीत मळ बसला असेल किंवा कॉल अरुंद पट्टीवर, सेकंदाला ८,००० नमुन्यांवर चालला असेल. जाळी कोरड्या मऊ ब्रशने, छिद्र खाली धरून झाडा. सुई घालू नका, जाळी फाटते. मान वळवताच आवाज सुधारला तर दोष वाऱ्याच्या दिशेचा आहे. अशा वेळी वाऱ्याकडचा बड केसमध्ये ठेवा आणि आडोशाच्या कानातला एकच वापरा, म्हणजे कॉलचा माइकही त्या बाजूला जातो.