१० के ला १ के जोडलं की सिग्नल बसतो, मग काय करायचं?

नमस्कार मंडळी. आज एमिटर फॉलोअरबद्दल बोलूया. रेडिओवर आकृती दाखवता येत नाही, तेव्हा हाताशी कागद-पेन असेल तर घ्या. सर्किट तसं छोटंसंच आहे.

समजा तुमच्याकडे एक प्रीॲम्प आहे, त्याचा आउटपुट रेझिस्टन्स १० के, आणि त्यातून अर्धा व्होल्ट पीकचा सिग्नल निघतोय. पुढे जो लोड जोडायचाय तो फक्त १ के चा. सरळ जोडलात तर १० के आणि १ के मिळून व्होल्टेज डिव्हायडर होतो आणि लोडवर अकरावा हिस्सा उरतो, म्हणजे जेमतेम ४५ मिलिव्होल्ट. प्रीॲम्पमध्ये बिघाड काहीच नाही, बिचाऱ्याला एवढा करंट देता येत नाही इतकंच.

आता मध्ये एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर टाकू, हाच आपला एमिटर फॉलोअर. कलेक्टर थेट ९ व्होल्टच्या बॅटरीला, एमिटरपासून ग्राउंडला ४.७ के, बेसवर १०० के चे दोन रेझिस्टर, एक सप्लायकडून आणि एक ग्राउंडकडे. सिग्नल कपॅसिटरमधून बेसवर आणायचा आणि एमिटरवरून परत कपॅसिटरमधूनच १ के कडे न्यायचा. मीटर लावला तर बेसवर साधारण ४.३ आणि एमिटरवर ३.६५ व्होल्ट दिसायला हवेत, म्हणजे पाऊण मिलिॲम्पच्या थोडा वर करंट चाललाय. एमिटरवर शून्य दिसलं तर आधी बेसचं बायसिंग तपासा, ट्रान्झिस्टरला शिव्या नंतर घाला.

गेन एकच्या आसपास का राहतो ते बघा. बेस-एमिटरमधलं व्होल्टेज फक्त १८ मिलिव्होल्टने वाढलं तरी करंट दुप्पट होतो, आणि ६० ने वाढलं तर दसपट. आता बेस वर गेला आणि एमिटर मागे रेंगाळला तर त्या दोघांतलं अंतर वाढणार, अंतर वाढलं की करंट भसकन वाढणार आणि तोच करंट एमिटरच्या रेझिस्टरमधून जाऊन एमिटरला वर ढकलणार, त्यामुळे एमिटरला बेसच्या मागोमाग जावंच लागतं, आउटपुट सगळंच्या सगळं स्वतःलाच आवर घालतंय. थोडी तूट राहते ती एमिटरच्या आतल्या रेझिस्टन्समुळे, २५ मिलिव्होल्टला करंटने भागा, इथे साधारण ३२ ओहम येतो. बाहेर ४.७ के आणि लोडचा १ के पॅरलल, म्हणजे ८२५ ओहम. ८२५ भागिले ८५७, गेन आला ०.९६.

व्होल्टेज वाढलं नाही, मग फायदा कसला? फायदा करंटचा. बीटा, म्हणजे ट्रान्झिस्टरचा करंट गेन, २०० धरला तर एमिटरला जेवढा करंट लागतो त्याचा साधारण दोनशेवा हिस्सा बेसकडून घेतला जातो, म्हणून ते ८५७ ओहम बेसवरून बघितले तर १७२ के वाटतात. पण इथे थांबा, पुस्तकातला हा आकडा प्रीॲम्पला काही दिसत नाही! बायसिंगचे दोन १०० के सिग्नलसाठी पॅरलल असतात, म्हणजे ५० के, आणि सगळं धरून इनपुट उरतो साधारण ३९ के. खरा अडसर त्या दोन रेझिस्टरचा आहे. तरीही १० के च्या प्रीॲम्पला ३९ के चालून जातो, आणि लोडवर साधारण ०.३८ व्होल्ट मिळतात. कुठे ४५ मिलिव्होल्ट आणि कुठे हे!

आउटपुटकडून बघितलं की हेच उलटं होतं. मागचा १० के आणि बायसिंगचा ५० के मिळून ८.३ के, त्याला बीटा अधिक एक, म्हणजे २०१ ने भागलं की ४१ ओहम, त्यात आतले ३२ मिळवा, झाले ७३. अर्थात मागचा सोर्स जास्त रेझिस्टन्सचा असेल तर आउटपुट रेझिस्टन्सही वाढणार, हे बरेच जण विसरतात.

आता गोची कुठे होते ते सांगतो. हा ट्रान्झिस्टर लोडमध्ये करंट ढकलू शकतो, ओढून घेऊ शकत नाही, खाली ओढायचं काम एकटा ४.७ के करतो. सिग्नल फार खाली गेला की ट्रान्झिस्टर बंद पडतो आणि मग आउटपुट कपॅसिटरवरचे ३.६५ व्होल्ट ४.७ के आणि १ के मध्ये वाटले जातात, १ के च्या वाट्याला येतात फक्त ०.६४. म्हणजे आउटपुट खालच्या बाजूला ०.६४ च्या पुढे जाऊच शकत नाही. आपला ०.३८ चा सिग्नल आरामात बसतो, पण प्रीॲम्पने एक व्होल्ट पीक दिला तर स्कोपवर वरचा भाग गोल आणि खालचा सपाट कापलेला दिसेल, कानाला आवाज फाटल्यासारखा वाटेल. सप्लाय वाढवण्याआधी एमिटरचा रेझिस्टर १ के करून बघा, करंट ३ मिलिॲम्पपर्यंत जातो आणि खालची मर्यादा दीड व्होल्टपर्यंत सरकते. बॅटरी मात्र चौपट वेगाने संपेल, त्यामुळे सिग्नल लहानच असेल तर ४.७ के राहू द्या.